पावती उलटून बघणारी माया

पहाटे चारला मायाचा दिवस सुरू व्हायचा. सव्वाचारला मोरिवलीतल्या त्यांच्या आळीच्या नळाला पाणी यायचं आणि पाच वाजता जायचं. अठरा घरं आणि एक नळ. चारला उठून रांगेत हंडा ठेवला तर सहा हंडे मिळायचे. साडेचारला उठलं तर दोन. लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षं तिनं हे गणित सांभाळलं. आजारपणातही चुकवलं नाही, कारण ती नाही उठली तर सासू उठायची, आणि सासूचे गुडघे गेलेले.

सासूचं नाव गयाबाई. वय शहात्तर. सासरे सोमा एका कारखान्यात हमाल होते, ते जाऊन बारा वर्षं झाली. नवरा मिलिंद बदलापूरला एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटीत, बारा तासांची ड्युटी. माया स्वतः दहावी पास. एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात तिनं सोळा वर्षं बाटल्यांवर लेबलं तपासली. बॅच नंबर, तयार झाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. मिनिटाला चाळीस बाटल्या डोळ्यांसमोरून जायच्या. सोळा वर्षांत तिच्या हातून तीन चुकीची लेबलं सुटली, आणि तिन्हींचे बॅच नंबर तिला आजही पाठ आहेत. कारखाना गुजरातला गेला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. या वयात नवीन काम कोण देणार, असं सगळे म्हणाले. काम मिळालं ते डोळ्यांमुळेच.

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पमध्ये जितेशभाईंचं ऑफिस आहे. खाली जीन्सचा कारखाना, वर ऑफिस. खाली बटणं ठोकायचं मशीन चालू झालं की वरच्या टेबलांवरचा चहा थरथरतो. जितेशभाईंचे वडील कापडाच्या धंद्यात होते. मुलानं कागदाचा धंदा काढला. सरकारी कार्यालयांचे जुने कागद आणायचे, स्कॅन करायचे, त्यातली माहिती कॉम्प्युटरवर चढवायची. जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेचं मोठं काम त्यांना मिळालं होतं: घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या. २०११-१२ पासून तीन वर्षांच्या, एका प्रभागाच्या, एकवीस हजार चारशे पावत्या. नगरपालिकेचा हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार होता आणि त्या तीन वर्षांचे हाताने लिहिलेले कागद तेवढे राहिले होते.

एका पावतीला एक रुपया साठ पैसे. चार जण टेबलाला. मायाचा वेग तासाला पंचेचाळीस पावत्या. तिच्याहून वेगात टाइप करणारी होती अक्षदा, सोनिवलीची, तेवीस वर्षांची, बीकॉम झालेली. तिचा वेग तासाला सत्तर. पण नगरपालिकेकडून नमुना तपासणी होऊन चुका परत आल्या की अक्षदाच्या गठ्ठ्यात वीस निघायच्या आणि मायाच्या गठ्ठ्यात एखादी.

"ताई, तुम्ही पावती वाचता का तिच्याशी गप्पा मारता?" अक्षदा म्हणायची.

"गप्पा मारते," माया म्हणायची. "खोटं बोलली तर कळायला नको?"

पावती वाचणं सोपं दिसतं. चार गोष्टी उचलायच्या: कराची मुदत, थकबाकी, कुठे सूट लिहिली असेल तर ती आणि भरलेली रक्कम. पण पावतीवर आकडे पंधरा असतात. सुरुवातीला सगळे एकाच खड्ड्यात पडले. पावतीवर वर तारीख असते, ९ मे २०१३. अक्षदानं मुदत लिहिली २०१३-१४. पण माणूस मे महिन्यात मागच्या वर्षाची पट्टी भरायला आलेला असू शकतो. मुदत खाली लिहिलेली असते, १-४-२०१२ ते ३१-३-२०१३. पैसे कधी दिले ते वेगळं आणि कशाचे दिले ते वेगळं. कुठे कारकुनानं घाईत नुसतं '१२-१३' लिहिलेलं. अक्षदानं त्याचा डिसेंबर २०१३ करून टाकला होता.

"अगं, डिसेंबर महिन्याची घरपट्टी कुणी भरतं का?" मायानं विचारलं.

"भाडं भरतात ना."

"भाडं घरमालकाला. ही नगरपालिकेला. वर्षाची असते, नाहीतर सहा महिन्यांची."

मग मायानं तिला आपली रीत शिकवली. आधी मुदत वाचायची. मग प्रत्येक कर वेगळा बघायचा: घरपट्टी, शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर. त्यांची बेरीज म्हणजे चालू मागणी. तिच्यात मागची थकबाकी मिळवायची. एकूण आकडा आला की मगच भरलेल्या रकमेकडे डोळा न्यायचा. आकडा पुसट असेल तर अंदाज करायचा नाही, बेरजेवरून काढायचा. एक आणि नऊ, पाच आणि सहा हे हाताच्या लिखाणात सख्खे भाऊ दिसतात. बेरीज त्यांना वेगळं करते.

मायानं एक दोनशे पानी वही ठेवली होती. ज्या पावतीचा हिशेब बसत नाही तिचा नंबर, नाव आणि तफावत त्या वहीत. हे काम कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे पैसेही नव्हते. एका नोंदीला अर्धं मिनिट जायचं, दिवसाला पंधरावीस मिनिटं. म्हणजे रोज बारातेरा पावत्यांची मजुरी ती त्या वहीत घालवायची.

जितेशभाईंनी एकदा वही उचलून चाळली होती. "मायाताई, ये क्या है? शायरी?"

"ज्या पावत्या समजल्या नाहीत त्या, शेठ."

"आपल्याला समजायचं नाही, चढवायचं आहे. सामने जो लिखा है वो डालो, बस."

ती समोर लिहिलेलं चढवतच होती. वहीसुद्धा लिहीत होती.

मार्च निम्मा सरला. काम येत्या सोमवारी द्यायचं होतं. सोमवारी गेलं की मार्च संपायच्या आत बिल निघणार आणि सगळ्यांची अडीच महिन्यांची मजुरी एकदम मिळणार, असा जितेशभाईंचा शब्द होता. मायानं सात हजार पावत्या केल्या होत्या. अकरा हजार दोनशे रुपये.

त्या पैशांची जागा ठरलेली होती. घरात नळ घ्यायचा. पाणी प्राधिकरणाकडे अर्ज केला होता. सोबत स्वतःच्या खोलीची चालू वर्षाची घरपट्टीची पावती जोडली होती, थकबाकी शून्य असलेली. अर्ज मंजूर झाला. अनामत, मीटर, पाइप, रस्ता खोदायचे पैसे आणि प्लंबर धरून नऊ हजार आठशे पन्नास रुपये खर्च होता. पण रस्ता खोदायची परवानगी ३१ मार्चपर्यंतचीच. ती गेली की पुन्हा अर्ज, आणि पावसाळ्याआधी रस्ता खोदू देत नाहीत, म्हणजे दिवाळी उजाडणार. त्याच महिन्यात मायाला हात द्यायला गेलेली गयाबाई नळाच्या ओट्यावर घसरून पडली होती. हाड मोडलं नाही, पण आठ दिवस अंथरुणात होती.

"माज्यासाठी नको गो खर्च करू," गयाबाई म्हणाली. "मी अजून किती दिवस पानी पिनार हाय?"

"आई, मला पण झोपायचंय सहापर्यंत," माया म्हणाली. "एकदा तरी."

गयाबाई हसली. "मग घे बाई. तुज्या झोपंसाठी घे."

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास माया २०१२-१३ च्या शेवटच्या गठ्ठ्यात होती. स्क्रीनवर घर क्रमांक ४१२ आलं. नाव राजाबाई. तिचा हात थांबला. हे नाव वहीत होतं.

तिनं वही उघडली. जानेवारीतली नोंद होती. राजाबाईची २०११-१२ ची घरपट्टी: मागणी एक हजार सातशे ब्याण्णव, भरले एक हजार सातशे बावीस, सत्तर कमी. पावतीची तारीख २२ जून २०११. त्याच घराची पाणीपट्टी: बाराशे मागणी, नऊशे भरले, तीनशे कमी.

आता समोर पुढच्या वर्षाच्या पावत्या होत्या. पाणीपट्टीच्या पावतीवर मागील थकबाकी तीनशे. बरोबर. बाईनं तीनशे कमी भरले होते, ते पुढच्या वर्षी निघाले. घरपट्टीच्या पावतीवर मात्र मागील थकबाकी शून्य.

मायानं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. कारकून एकच, अक्षरही एकच. पाण्याचे तीनशे ज्यानं मागितले तो घराचे सत्तर सोडणार नाही. म्हणजे ते सत्तर त्याच्या लेखी बाकी नव्हतेच. भरायचे होते ते सगळे भरले होते.

"अक्षदा, जरा इकडे ये."

अक्षदा खुर्ची ढकलत आली. मायानं दाखवलं.

"सूट असेल मग," अक्षदा म्हणाली. "वेळेत भरलं की पाच टक्के देतात. पण पाच टक्के केले तर..." तिनं मोबाइलवर हिशेब केला. "सतराशे ब्याण्णवचे एकोणनव्वद रुपये साठ पैसे होतात. सत्तर नाही. जमत नाही ताई."

"सगळ्यावर सूट नसते. शिक्षण कर सरकारचा, तो पूर्ण जातो. सूट नुसत्या घरपट्टीवर असेल. घरपट्टी किती आहे?"

"चौदाशे."

"चौदाशेचे पाच टक्के?"

अक्षदानं मोबाइल खाली ठेवला. "सत्तर."

मायानं वहीतली आणखी एक नोंद काढली. घरपट्टी दोन हजार दोनशे, तफावत एकशेदहा. बरोबर पाच टक्के. तिसरी काढली, चौथी काढली. जुळली. पाणीपट्टीच्या तफावती मात्र कशाच्याच टक्क्यात बसेनात. पाणीपट्टीवर सूट नव्हतीच. तिथे कमी म्हणजे खरंच कमी.

"पण पावतीवर सूट कुठंच लिहिली नाही," अक्षदा म्हणाली. "रकानाच नाही छापलेला."

माया उठली. पोटमाळ्यावर लाल कापडात बांधलेली पावती पुस्तकं होती, सोमवारी परत जायची. तिनं शिडी लावली आणि २०११-१२ चा गठ्ठा खाली आणला. गाठ सोडली. ४१२ शोधायला तिला सहा मिनिटं लागली. तिनं पावती उलटली.

मागे जांभळ्या शाईचा शिक्का होता. '३० जूनपूर्वी संपूर्ण भरणा. सूट ५%.' त्याच्यापुढे पेनानं ७० आणि सही.

छापील पावतीत सूट लिहायला जागा नव्हती. कुणा रोखपालानं रबरी शिक्का करून घेतला आणि कार्यालयाच्या प्रतीच्या पाठीवर मारला. चांगलं काम केलं होतं त्यानं. स्कॅन मात्र पुढचीच बाजू झाली होती. जितेशभाईंना पानाचे पैसे मिळत होते आणि कोऱ्या मागच्या बाजूंचे पैसे नगरपालिका देणार नव्हती, म्हणून मागची बाजू सोडून द्यायची असं ठरलं होतं.

अक्षदानं पावती उजेडात धरली. "शाई तर पुढून पण दिसते ताई. जांभळी छटा आलीये. मग स्कॅनमध्ये का नाही आली?"

मायानं स्कॅनरकडे बघितलं. ते तिला माहीत होतं. जानेवारीत पहिले गठ्ठे तिनंच स्कॅन केले होते. कार्बनची अक्षरं पुसट होती, कागद डागाळलेले होते. तिनं स्कॅनरचं डाग पुसायचं बटण चालू केलं. अक्षरं लख्ख उठून आली, सगळ्यांनी वाहवा केली, आणि तेच बटण पुढे सगळ्या गठ्ठ्यांना कायम राहिलं. त्या बटणानं डागांबरोबर जांभळी छटाही पुसली होती.

औषधाच्या कारखान्यातल्या तीन लेबलांची आठवण तिला आली. ही चौथी चूक, आणि ही एका बाटलीची नव्हती.

तिनं कॉम्प्युटरवर तफावत असलेल्या घरपट्टीच्या पावत्या मोजल्या आणि ती पावती हातात घेऊन जितेशभाईंच्या केबिनमध्ये गेली.

जितेशभाईंनी शिक्का बघितला. नाकावरचा चष्मा वर घेतला. "तो क्या? सत्तर रुपये आहेत, मायाताई."

"सत्तर रुपये बाकी दिसणार. सॉफ्टवेअर ते पुढं नेणार. घरपट्टीच्या बाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती. वर्षाला सोळा रुपये ऐंशी पैसे. बारा वर्षांचे दोनशे एक रुपये साठ पैसे. तिन्ही वर्षं वेळेवर भरले असतील तर तीनदा. आणि बाकी आहे म्हणून बेबाकी दाखला मिळणार नाही. घर नावावर करायला गेले तर अडणार, नळाला अर्ज केला तर अडणार."

"लोक जातील ना पालिकेत. आपली पावती दाखवतील."

"बारा वर्षांपूर्वीची? आणि ज्यांनी जूनच्या आत भरली त्यांनाच त्रास होणार, शेठ. उशिरा भरणाऱ्यांना सूट नव्हतीच, त्यांचं सगळं बरोबर चढलंय. जो वेळेवर आला तोच थकबाकीदार."

जितेशभाई खुर्चीत मागे टेकले. "सोमवार को देना है. एकवीस हजार पावत्या परत उलटायच्या? कोण उलटणार?"

"एकवीस हजार नाहीत. तफावत असलेल्या घरपट्टीच्याच. कॉम्प्युटरवर काढल्या मी. तीन हजार एकशेवीस."

"आणि मजुरी?"

"त्याची मागत नाही."

"उशीर झाला तर मला रोज पाचशे दंड आहे. आणि बिल एप्रिलवर गेलं तर? तुम्हाला नळाची घाई आहे ना? तुम्हीच सांगत होतात. आपको पैसा चाहिए या पुण्य?"

"पैसाच पाहिजे," माया म्हणाली. "केलेल्या कामाचा. हे काम झालेलं नाही." मग तिनं उरलेलं सांगून टाकलं. "डाग पुसायचं बटण मीच लावलं होतं. शिक्का त्यानंच गेला."

खाली बटणं ठोकायचं मशीन सुरू झालं. केबिनमधला चहा थरथरला. जितेशभाईंनी कप हातानं धरला.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"मला कळलं होतं ना."

"मागची बाजू सोडा असं मी बोललो होतो," जितेशभाई म्हणाले. त्यांनी कपाळ चोळलं. "आधा आपका, आधा मेरा. बुधवारी सकाळी द्यायचं. त्यापुढे एक तास नाही. दोन दिवसांचा दंड एक हजार. पाचशे तुमच्यातून कापणार."

"कापा."

बाहेर अक्षदा दाराशीच उभी होती. "मी आहे तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पण ताई, फुकट का?"

"तुझं फुकट नको. तुझ्या वेळेचं मी देईन."

"वा! म्हणजे मी पैसे घ्यायचे आणि तुम्ही नाही? घरी सांगितलं तर आई मला चपलेनं मारेल. बसा आता."

शनिवारी सकाळी नऊला त्या बसल्या. पद्धत मायानं ठरवली. ती गठ्ठा सोडणार, पावती काढणार, उलटणार आणि मोठ्यानं वाचणार. अक्षदा टाइप करणार. टाइप झालेला आकडा अक्षदानं परत वाचायचा. सूट म्हणून जो आकडा शिक्क्यापुढे आहे तो घरपट्टीच्या पाच टक्क्यांशी जुळला पाहिजे, आणि मागणीतून सूट वजा केली की भरलेली रक्कम आली पाहिजे. दोन्ही जुळले तरच पुढची पावती.

"घर पाचशे सात. सूट एकशे दहा."

"एकशे दहा. भरले सत्तावीसशे चौऱ्याण्णव. जुळलं."

"घर पाचशे बारा. सूट सत्तेचाळीस पन्नास."

"सत्तेचाळीस पन्नास. जुळलं."

मिनिटाला दोन पावत्या. तासाला एकशेवीस. दर शंभर पावत्यांनंतर माया हात पुसायची, कारण जुन्या कार्बनची शाई बोटांना लागून पुढच्या पावतीवर उतरते. तिनं ओलं फडकं जवळ ठेवलं होतं. पावती पुस्तक ज्या क्रमानं सोडलं त्याच क्रमानं बांधलं, गाठही तशीच मारली. शनिवारी आठशे ऐंशी झाल्या. रविवारी ऑफिस बंद असतं, जितेशभाईंनी येऊन कुलूप उघडलं आणि खालून दोन प्लेट दालपकवान वर पाठवले. सोबत निरोप पाठवला, "हे दंडात धरणार नाही." रविवारी आठशे नव्वद. सोमवारी अक्षदाचा आवाज बसला, म्हणून तिनं आकडा परत वाचायच्या ऐवजी स्क्रीन फिरवून दाखवायला सुरुवात केली. वेग कमी झाला. आठशे वीस.

सोमवारी दुपारी एका पावतीपाशी अक्षदा म्हणाली, "ताई, इथं चाळीस कमी आहेत आणि मागे शिक्का नाही. टाकू का सूट चाळीस? एवढ्या हजारात एक."

"घरपट्टी किती?"

"हजार."

"पाच टक्के पन्नास होतात. हे चाळीस आहेत. तारीख?"

"ऑगस्ट."

"मग सूट नाही. बाकी आहे. बाकीच राहू दे."

"गरीब माणूस असेल हो."

"असेल. त्याची सूट आपण द्यायची नाही. आणि ज्याला मिळाली त्याची काढून घ्यायची नाही."

अशा एकेचाळीस पावत्या निघाल्या, खरोखर कमी भरलेल्या. मायानं त्यांची वेगळी यादी केली आणि तिच्यावर लिहिलं: 'शिक्का नाही. प्रत्यक्ष बाकी.' आणखी सतरा पावत्यांवर शिक्का होता पण आकडा उडालेला. तिथं तिनं आकडा स्वतः भरला नाही. घरपट्टी, पाच टक्के आणि पुढच्या वर्षाची थकबाकी तिन्ही लिहून ती यादीही वेगळी केली. ठरवायचं काम नगरपालिकेचं.

मंगळवारी दुपारी साडेचारला शेवटची पावती उलटली. तीन हजार एकशेवीस. मायानं वहीवर तारीख टाकली आणि खाली रेघ ओढली.

बुधवारी जितेशभाई तिला बरोबर घेऊन नगरपालिकेत गेले. कर विभागात अभिजीत नावाचा तरुण लिपिक होता. काम दोन दिवस उशिरा आलं म्हणून तो वैतागलेला होता. मायानं त्याच्यापुढे राजाबाईच्या चार पावत्या ठेवल्या. दोन घरपट्टीच्या, दोन पाणीपट्टीच्या. फार बोलली नाही.

"ही बघा. मग हिची पुढची. आता ही पाण्याची. आता पहिली उलटा."

अभिजीतनं उलटली. शिक्का वाचला. पुन्हा सरळ केली, पुन्हा उलटली.

"हे शिक्के आम्हालाच माहीत नव्हते," तो म्हणाला. "तेव्हाचे रोखपाल रिटायर झाले कधीच." मग त्यानं स्वतः शंभर पावत्या काढून तपासल्या. दीड तास लागला. माया समोर बाकावर बसून राहिली. जितेशभाई तीनदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आले.

शंभरच्या शंभर बरोबर निघाल्या.

"मॅडम, तुम्ही अकाउंट्सच्या का?" अभिजीतनं विचारलं.

"नाही, साहेब. लेबलच्या," माया म्हणाली.

त्याला समजलं नाही. त्यानं पोहोच लिहून दिली, आणि एकेचाळीस व सतराच्या दोन्ही याद्या फाइलला लावून घेतल्या. परतीच्या रिक्षात जितेशभाईंनी पोहोच दोनदा वाचली. विठ्ठलवाडी मागे पडल्यावर म्हणाले, "मायाताई, पुढच्या कामात पानं दोन्ही बाजूंनी स्कॅन करायची. पैसे मिळो ना मिळो." थोड्या वेळानं म्हणाले, "और वो शायरीवाली वही सगळ्यांना द्यायची. एक एक."

बिल सत्तावीस मार्चला निघालं. अठ्ठावीसला सकाळी जितेशभाईंनी पाकिटं वाटली. मायाच्या पाकिटावर पेनानं लिहिलं होतं: ११,२०० वजा ५०० = १०,७००. तिनं पैसे मोजायच्या आधी वजाबाकी तपासली. अक्षदानं तिला कोपरानं ढोसलं. "ताई, पाकीट पण उलटून बघा. मागे शिक्का असेल."

मायानं खरंच उलटून बघितलं. मग दोघी हसल्या.

त्याच दुपारी तिनं प्राधिकरणाच्या खिडकीवर पैसे भरले. पावती घेतली आणि खिडकी न सोडता वाचली. मागच्या माणसानं "चलो ना मावशी" म्हटलं तरी पूर्ण वाचली. नाव, अनामत, मीटर, एकूण. मागची बाजू कोरी होती.

तीस तारखेला, शनिवारी, प्लंबर आणि त्याचा जोडीदार आले. रस्त्यात दहा फूट चर खणला. माया कामावर गेली नाही. चर पुरेसा खोल नाही, गाडी गेली की पाइप चेपेल, असं सांगून तिनं तो आणखी चार बोटं खणून घेतला. प्लंबर कुरकुरला, पण त्यानं खणला. तोटी मोरीत बसवायची होती. प्लंबर नेहमीसारखी जमिनीपासून हातभर उंचीवर खूण करत होता.

"वर घ्या," माया म्हणाली. "कमरेइतकी. खाली दगडी कट्टा बांधून त्यावर हंडा ठेवू."

"पाइप जास्त लागेल, ताई."

"लागू द्या."

गयाबाईला उठवून मोरीत उभं केलं. तिच्या कमरेशी प्लंबरनं खडूनं रेघ मारली. तिथं तोटी बसली, खाली दगड रचून कट्टा झाला. वाकायचं काम नाही.

तोटी आणि जास्तीचा पाइप धरून दहा हजार दोनशे रुपये गेले. पाचशे रुपये उरले. ते मायानं अक्षदाच्या पर्समध्ये तिच्या नकळत ठेवले, आणि पुढे त्यावरून दोघींचं भांडण झालं ते झालंच.

रविवारी पहाटे चारला माया सवयीनं उठली. आळीत हंड्यांचे आवाज सुरू झाले होते. ती अंधारात बसून राहिली. सव्वाचारला मोरीतून धार पडल्याचा आवाज आला. तिच्या आधी गयाबाई भिंत धरत तिथं पोहोचली होती आणि उभ्यानंच, कमरेत न वाकता, कट्ट्यावरचा हंडा भरत होती.

"झोप तू," ती म्हणाली. "सहाला उठवते."